सहा हजार रुग्ण आणि एक ए-फोर कागद

१६ जून २०२० रोजी ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी एक पत्रक काढलं. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टिरॉइड कोविडच्या गंभीर रुग्णांचा जीव वाचवतं, अशी ती बातमी होती. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्या रुग्णांमधले एक पंचमांशाने. त्याच पत्रकात आणखी एक वाक्य होतं: ज्यांना श्वासासाठी कसलीच मदत लागत नव्हती, त्यांना या औषधाचा फायदा दिसला नाही. पहिली दोन वाक्यं जगभर पोचली. तिसरं वाटेत गळालं.

हे गळणं कसं टाळायचं, याचा रियाज वैद्यकीय महाविद्यालयांमध्ये आठवड्यातून एकदा चालतो. त्याला ‘जर्नल क्लब’ म्हणतात. एम.डी. करणारा एखादा रेसिडेंट एक शोधनिबंध निवडतो आणि विभागातल्या सगळ्यांसमोर तो मांडतो. मॉडरेटर म्हणून बसलेले सर किंवा मॅडम मध्येच अडवून प्रश्न विचारतात. रात्रपाळी करून आलेले दोघंतिघं मागच्या बाकावर पेंगत असतात. मूळ निबंध दहाबारा पानांचा, त्याला जोडलेलं परिशिष्ट त्याहून लांब. समोरच्या वीसजणांपैकी तो खरोखर वाचून आलेले किती, हे कुणी विचारत नाही. म्हणून सगळ्यांच्या हातात आधीच एक कागद द्यायचा असतो, पाठपोट छापलेला. तो हँडआउट. निबंधाचा दावा काय, आकृत्या कशा वाचायच्या आणि शंका कुठे घ्यायच्या, या तीन गोष्टी त्यात बसवायच्या असतात.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. बहुतेक हँडआउट म्हणजे निबंधाच्या सुरुवातीला छापलेल्या सारांशाची जरा लहान केलेली नक्कल असते. आणि सारांश लेखकांनीच लिहिलेला असतो, त्यामुळे त्यात कशावर जोर द्यायचा हेही त्यांनीच ठरवलेलं असतं. चांगला हँडआउट कसा होतो हे पाहायला डेक्सामेथासोनचा निबंधच घेतलेला बरा. ‘रिकव्हरी’ नावाच्या ब्रिटिश चाचणीतला हा निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १७ जुलै २०२० रोजी आला. भाषा सरळ आहे, आकृत्या तीनच आहेत आणि विषय प्रत्येक घराने भोगलेला आहे.

पहिला अडथळा निबंध वाचायच्या आधीच येतो. हाताशी असलेली प्रत कोणती? या निबंधाचा कच्चा मसुदा २२ जूनला खुला झाला होता. त्यात डेक्सामेथासोन मिळालेल्यांपैकी २१.६ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी २४.६ टक्के रुग्ण २८ दिवसांत दगावले, असं आहे. जर्नलमध्ये छापलेले आकडे २२.९ आणि २५.७ आहेत. मधल्या काळात आणखी रुग्णांची माहिती हाती आली, म्हणून दोन्ही बाजूंचे आकडे वाढले. निष्कर्ष बदलला नाही. पण एकाच्या हँडआउटवर एक आकडा आणि मॉडरेटरच्या मोबाइलवर दुसरा, असं झालं की पहिली दहा मिनिटं त्यातच जातात. म्हणून कागदाच्या डोक्यावर जर्नलचं नाव आणि तारखेसोबत ‘छापील आवृत्ती’ की ‘मसुदा’ हेही लिहायचं.

आता दावे. इथे एक कसोटी लावता येते: दाव्याचं वाक्य असं हवं की ते खोटं ठरू शकेल. ‘डेक्सामेथासोन कोविडमध्ये उपयोगी आहे’ हा दावा नव्हे, ते मत झालं. कुणाला, किती, कशाच्या तुलनेत आणि किती दिवसांत, ही चारही उत्तरं वाक्यात असली की तो दावा होतो. या निबंधाचा मुख्य दावा असा लिहिता येईल: ‘ब्रिटनमध्ये कोविडसाठी रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त १० दिवस दिलं, तर २८ दिवसांतले मृत्यू २५.७ टक्क्यांवरून २२.९ टक्क्यांवर येतात.’ वाक्य लांब आहे, ऐकायला रुक्ष आहे. पण त्यातला एकही शब्द काढता येत नाही. ‘दाखल झालेल्या’ काढला, की घरी बसून गोळी घेणारा माणूसही त्यात शिरतो.

दुसरा दावा पहिल्याहून महत्त्वाचा आहे, कारण हा फायदा सगळ्यांना सारखा नव्हता. चाचणीत शिरताना जे व्हेंटिलेटरवर होते, त्यांच्यात औषध न मिळालेल्यांपैकी ४१.४ टक्के गेले, मिळालेल्यांपैकी २९.३ टक्के. नुसत्या ऑक्सिजनवर होते त्यांच्यात २६.२ विरुद्ध २३.३. आणि ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता, त्यांच्यात १४ टक्के विरुद्ध १७.८ टक्के, म्हणजे औषध मिळालेल्या बाजूला मृत्यू जास्त.

हँडआउट लिहिणाऱ्याने इथे थांबून थोडी पाटीवरची आकडेमोड करायला हवी. ‘एक तृतीयांशाने घट’ हे तुलनेतलं माप आहे. वॉर्डात उभ्या असलेल्या डॉक्टरला वेगळा प्रश्न पडतो: किती रुग्णांना औषध दिलं की एकाचा जीव वाचेल? व्हेंटिलेटरच्या गटात ४१.४ मधून २९.३ वजा केले की १२.१ उरतात. म्हणजे शंभरांत बाराजण, ढोबळमानाने आठांमागे एक. ऑक्सिजनच्या गटात फरक २.९ चा, म्हणजे सुमारे पस्तिसांमागे एक. पण संशोधकांच्या जूनच्या पत्रकात ‘सुमारे पंचविसांमागे एक’ असं होतं. मसुद्यातले आकडे थोडे वेगळे होते हे त्याचं एक कारण, पण तेवढ्याने सगळं भागत नाही. हा फरक दिसणं हीच चांगल्या वाचनाची सुरुवात, आणि त्याचं उरलेलं उत्तर निबंधातच दडलेलं आहे. त्याकडे पुढे येऊच.

आकृत्या वाचून दाखवणं हा हँडआउटचा सगळ्यांत उपेक्षित भाग. बरेचजण आकृतीची प्रत चिकटवतात आणि खाली छापील मथळा उतरवतात. वास्तविक प्रत्येक आकृतीखाली तीनच गोष्टी हव्यात: आडवी-उभी रेघ काय मोजते, नजर आधी कुठे न्यायची आणि ही आकृती कोणत्या दाव्याचा पुरावा आहे.

पहिली आकृती म्हणजे रुग्णांच्या वाटणीचा नकाशा. रिकव्हरी चाचणीत तोवर ११,३०३ जण आले होते. त्यांतल्या ९,३५५ जणांना डेक्सामेथासोन देणं शक्य होतं, आणि या तुलनेत प्रत्यक्ष आले ते ६,४२५. बाकीचे त्याच चाचणीतल्या दुसऱ्या औषधांच्या गटांत गेले. संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली: २,१०४ जणांना डेक्सामेथासोन, ४,३२१ जणांना नेहमीचे उपचार. प्रमाण एकास दोनचं होतं. या नकाशात नजर न्यायची ती गळालेल्यांकडे. उपचार करणाऱ्या डॉक्टरला ज्याला हे औषध द्यायलाच हवं किंवा मुळीच देऊ नये असं वाटलं, तो रुग्ण या तुलनेत आलाच नाही. हे एक वाक्य हँडआउटवर असावं.

दुसऱ्या आकृतीत चार चौकटी आहेत: सगळे रुग्ण, व्हेंटिलेटरवरचे, ऑक्सिजनवरचे आणि ऑक्सिजनविना असलेले. प्रत्येकीत दोन रेघा डावीकडून शून्यापासून निघतात आणि जसजसे मृत्यू होतात तसतशा वर चढतात. आडव्या रेघेवर दिवस, शून्य ते अठ्ठावीस. वरची रेघ म्हणजे जास्त मृत्यू, एवढं आधी सांगून ठेवावं लागतं. कारण बऱ्याच निबंधांत जिवंत राहिलेल्यांची रेघ काढतात, ती वरून खाली येते, आणि घाईत पाहणारा उलटा अर्थ लावतो. व्हेंटिलेटरच्या चौकटीत दोन रेघांमधली फट नजरेत भरते. चौथ्या चौकटीत डेक्सामेथासोनची रेघ वर आहे. चौकटींच्या खाली बारीक अक्षरांत प्रत्येक टप्प्यावर किती रुग्ण मोजणीत उरले ते छापलेलं असतं. ते पाहिल्याशिवाय कोणत्याही फटीवर विश्वास ठेवू नये. रुग्ण थोडे असले की दोनचार मृत्यूंनीही रेघ उडी मारते.

तिसरी आकृती या निबंधाचा प्राण आहे, आणि हँडआउटवर एकाच आकृतीला जागा असेल तर हीच घ्यावी. तिला डॉक्टर मंडळी ‘फॉरेस्ट प्लॉट’ म्हणतात. मधोमध एक उभी रेघ, तिच्यावर १ लिहिलेलं. तीन गटांच्या तीन ओळी, प्रत्येक ओळीत एक चौकोन आणि त्यातून आरपार गेलेली आडवी काडी. चौकोन १ च्या डावीकडे असेल तर डेक्सामेथासोनने मृत्यू कमी झाले, उजवीकडे असेल तर वाढले. काडीची लांबी म्हणजे अनिश्चितता: खरा परिणाम या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही असू शकतो.

पहिल्या ओळीत, व्हेंटिलेटरच्या गटात, चौकोन ०.६४ वर आहे आणि काडी ०.५१ ते ०.८१. पूर्ण काडी १ च्या डावीकडे. दुसऱ्या ओळीत, ऑक्सिजनच्या गटात, ०.८२, काडी ०.७२ ते ०.९४. तीही डावीकडेच, पण रेघेच्या जवळ सरकलेली. तिसऱ्या ओळीत चौकोन उजवीकडे, १.१९ वर, आणि काडी ०.९२ पासून १.५५ पर्यंत, म्हणजे उभ्या रेघेला ओलांडून दोन्हीकडे पसरलेली.

या तिसऱ्या ओळीवर हँडआउट नापास होतात. एक प्रकारचा विद्यार्थी लिहितो, ‘सौम्य रुग्णांत काही फरक नाही.’ दुसऱ्या प्रकारचा लिहितो, ‘सौम्य रुग्णांत औषधाने मृत्यू वाढतात.’ दोन्ही चूक. या ओळीतले रुग्ण १,५३५. डेक्सामेथासोन मिळालेल्या ५०१ जणांपैकी ८९ गेले, बाकीच्या १,०३४ पैकी १४५. एवढ्यावरून अपाय सिद्ध होत नाही. पण काडीचं उजवं टोक दीडपटीच्या पुढे जातं, त्यामुळे अपाय नाही असंही म्हणता येत नाही. बरोबर वाक्य असं: ‘फायद्याचा पुरावा नाही, अपायाची शक्यता नाकारता येत नाही.’ सोबत दोन गोष्टी जोडायच्या. हे गट निकाल पाहून पाडलेले नव्हते, आधीच ठरलेले होते. आणि श्वासाची मदत जितकी जास्त लागत होती तितका फायदा जास्त, हा उतार स्वतंत्रपणे तपासलेला आहे व तो निव्वळ योगायोगाचा नाही. म्हणून तिसरी ओळ एकटी वाचायची नसते; ती पहिल्या दोघींच्या दिशेने वाचायची.

उरला तो शंका घेण्याचा भाग. जर्नल क्लबमध्ये सगळ्यांत स्वस्त मिळणारी वस्तू म्हणजे टीका. ‘नमुना लहान आहे’, ‘एकाच देशातला अभ्यास आहे’, ‘आणखी संशोधन हवं’ ही वाक्यं कोणत्याही निबंधाला चिकटतात आणि म्हणूनच निरुपयोगी असतात. सहा हजार रुग्णांच्या चाचणीलाही कुणीतरी लहान म्हणतंच. शंकेच्या मुद्द्याला दोन शेपट्या हव्यात: ही त्रुटी कोणत्या दाव्याला धक्का लावते, आणि निकालाला कोणत्या दिशेला ढकलते.

उदाहरणार्थ, या चाचणीत खोटं औषध दिलेलं नव्हतं. कुणाला डेक्सामेथासोन चालू आहे हे डॉक्टरला माहीत होतं आणि रुग्णालाही. नुसतं ‘ब्लाइंडिंग नाही’ लिहून पुढे गेलं तर अर्धंच काम झालं. मृत्यू झाला की नाही हे डॉक्टरच्या मतावर ठरत नाही, त्यामुळे मुख्य दाव्याला या त्रुटीचा फारसा धक्का नाही. पण रुग्णाला घरी कधी सोडायचं हा डॉक्टरचा निर्णय असतो. डेक्सामेथासोनच्या गटात दाखल राहण्याचे मध्यक दिवस १२ आणि दुसऱ्या गटात १३, हा जो एका दिवसाचा फरक निबंधात आहे, त्याकडे मात्र जरा संशयाने पाहायला हवं. शिवाय नेहमीच्या उपचारांच्या गटातल्या सुमारे ८ टक्के रुग्णांनाही हे औषध मिळालंच. ही गळती कोणत्या दिशेची? दोन गट एकमेकांसारखे होतात, म्हणजे दिसणारा फायदा खऱ्याहून थोडा कमी भरतो. ही त्रुटी लेखकांच्या बाजूने नव्हे, विरुद्ध जाते. असा मुद्दा मांडला की मॉडरेटर वहीतून डोकं वर काढतात.

आता मघाचं कोडं. २२.९ ला २५.७ ने भागलं की ०.८९ येतात. निबंधात मात्र ०.८३ छापलेलं आहे. ऑक्सिजनच्या गटातही साधा भागाकार ०.८९ देतो, छापलेलं आहे ०.८२. व्हेंटिलेटरच्या गटात ०.७१ ऐवजी ०.६४. तिन्ही ठिकाणी छापील आकडा औषधाला जास्त उदार आहे. ही छपाईची चूक नाही. वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली, पण नशिबाने डेक्सामेथासोनच्या वाट्याला सरासरी १.१ वर्षाने अधिक वयाचे रुग्ण आले, आणि कोविडमध्ये मृत्यूचा धोका वयाबरोबर झपाट्याने वाढतो. म्हणून संशोधकांनी वयाचा फरक हिशेबात धरून आकडे सुधारले. सुधारलेल्या ०.८२ वरून ऑक्सिजनच्या गटात एक जीव वाचवायला लागणारे रुग्ण मोजले तर ते सुमारे एकवीस येतात. साध्या वजाबाकीने पस्तीस.

सुधारणा योग्यच होती, असं बहुतेक संख्याशास्त्रज्ञ म्हणतील. मुद्दा वेगळा आहे. हिशेबाच्या पहिल्या आराखड्यात ही सुधारणा नव्हती. वयातली तफावत दिसल्यावर ती घातली गेली. हे लेखकांनी लपवलेलं नाही. निबंधात तसं स्पष्ट लिहिलं आहे आणि सुधारणा न केलेले आकडे परिशिष्टात दिले आहेत. पण ज्याने भागाकार केलाच नाही, त्याला ते वाक्य दिसूनही दिसत नाही. म्हणून हँडआउटवर दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापायचे आणि विचारायचं: साध्या आकड्यांवरही निष्कर्ष उभा राहतो का? व्हेंटिलेटरच्या गटात तो ठामपणे उभा राहतो. ऑक्सिजनच्या गटात फायदा काठावर येतो. निबंधाच्या बलस्थानाची आणि दुखऱ्या जागेची खूण एकाच भागाकाराने सापडते.

आणखी एक शंका कागदावर असायलाच हवी. ‘ऑक्सिजनवरचे रुग्ण’ या एका नावाखाली नाकात नळी लावून मिनिटाला दोन लिटर घेणारा माणूस आहे आणि तोंडावर घट्ट मास्क लावून दाबाने श्वास दिला जाणाराही आहे. एकूण रुग्णांपैकी साधारण ६० टक्के या एकाच खणात आहेत. ०.८२ हा आकडा त्या सगळ्यांची सरासरी आहे, त्यांच्यातल्या कुणा एकाचा नाही.

शेवटचा प्रश्न नेहमी सारखाच असतो: आपल्या वॉर्डात याचं काय करायचं? याचं उत्तर निबंधात नसतं. ते लिहिणाऱ्याला द्यावं लागतं. चाचणीतले सुमारे एक चतुर्थांश रुग्ण मधुमेही होते, पण ते ब्रिटिश रुग्णालयात देखरेखीखाली होते. औषधामुळे झालेल्या गंभीर दुष्परिणामांच्या फक्त चार नोंदी निबंधात आहेत, आणि त्यांतल्या दोन रक्तातली साखर वाढल्याच्या आहेत. ‘फक्त चार’ वाचून निर्धास्त होणं सोपं; ज्यांची साखर आधीच आटोक्याबाहेर आहे आणि रोज तपासायला कुणी नाही, अशा रुग्णांबद्दल त्या चार नोंदी काहीच सांगत नाहीत. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे घरी असलेल्या, ऑक्सिजनची गरज नसलेल्या कितीतरी रुग्णांना पहिल्या दोनतीन दिवसांतच स्टिरॉइड सुरू झालं. मे महिन्यात केंद्र सरकारला म्युकरमायकोसिस हा आजार नोंदणीयोग्य करायला राज्यांना सांगावं लागलं. महाराष्ट्र आणि गुजरात ही सर्वाधिक रुग्णांची राज्यं होती. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा अवाजवी वापर ही त्यामागची दोन मोठी कारणं. तिसऱ्या ओळीतल्या माणसांना ते औषध कुणी द्या म्हटलेलं नव्हतं.

व्यवहारातल्या दोन सूचना. कागद जर्नल क्लबच्या दोन दिवस आधी वाटावा. दारात हातात ठेवलेला हँडआउट फक्त पंख्यासारखा हलवला जातो. आणि लिहिताना सारांश शेवटी वाचावा. आधी तक्ते आणि आकृत्या पाहून दावे स्वतःच्या शब्दांत लिहायचे, मग ते लेखकांच्या सारांशाशी ताडून पाहायचे. जिथे दोन्ही जुळत नाहीत, तिथेच चर्चेचा मुद्दा असतो.

जुना हँडआउट फाइलला लावून मोकळंही होता येत नाही. रिकव्हरीच्याच संशोधकांनी पुढे जास्त मात्रेचं स्टिरॉइड तपासलं. तो निकाल २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. साधा ऑक्सिजन लागणारे किंवा तोही न लागणारे रुग्ण त्यात होते, आणि जवळजवळ सगळे ऑक्सिजनवरचेच होते. जास्त मात्रा मिळालेल्या ६५९ पैकी १२३ जण दगावले, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या ६१३ पैकी ७५. या नेहमीच्या उपचारांत कमी मात्रेचं स्टिरॉइडही होतं. म्हणजे १९ टक्के विरुद्ध १२ टक्के, आणि या वेळी काडी पूर्णपणे १ च्या उजवीकडे होती.